आधी कान पाहा, मग डोळे

नवी मांजर पलंगाखालून आपल्याकडे पाहत असेल, तर दोन-तीन हातांवर जमिनीवर बसा, डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडा आणि नजर जरा बाजूला वळवा. अशा संथ उघडझापीनंतर मांजरी अनोळखी माणसाच्याही हाताजवळ अधिक सहज येतात, असे ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना 2020 मध्ये आढळले. मात्र तिचे कान बाजूला वळून चपटे झाले असतील आणि शेपटी जमिनीवर आपटत असेल, तर बारीक झालेले डोळे विश्वासाचे नव्हेत. मी कानांकडे न पाहता हात पुढे केला आणि मनगटावर ओरखडा उमटला. कान पुढे, शेपटी उभी आणि तिचे टोक किंचित वाकलेले असे ती स्वतःहून आली, तरच बोट हुंगू द्या.