रात्रीच्या शोला ‘वादळ’ नको

रेडिओवर रात्री नऊचा जुन्या गाण्यांचा शो आणि तू नाव घेणार ‘आरजे वादळ’? सकाळच्या धमाल शोला ते चालेल, पण तुझ्या शोत माणूस जेवून ओटीवर निवांत बसलेला असतो. शिवाय ‘तुम्ही ऐकताय वादळासोबत’ म्हणताना नावाचं रूपच बदलतं. दोन गाण्यांमधल्या एका लिंकमध्ये वादळ, दुसऱ्यात वादळा. नवा श्रोता नेमकं काय लक्षात ठेवणार? म्हणून ईकारान्त नाव घे, ते प्रत्यय लागला तरी तसंच राहतं.

मला ‘सुरंगी’ आवडतं. आपल्याकडे सुरंगीच्या फुलांचा गजरा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि शेवटचा ‘गी’ हळुवार लांबवता येतो. सुरुवातीचा ‘स’ माईकवर थोडा शिट्टीसारखा वाजतो. माईक तोंडासमोरून जरा बाजूला घे. प, फ, भ ने सुरू होणारी नावं जास्त त्रास देतात, श्वास थेट माईकवर आदळून ‘भप्प’ वाजतं.

ठरवण्याआधी ‘मी सुरंगी, तुमच्यासोबत’ हे गाण्याच्या सुरावटीवर बोलून मोबाईलवर रेकॉर्ड कर. नाव माहीत नसलेल्या मैत्रिणीला ते पंखा चालू असलेल्या खोलीत ऐकव आणि ऐकलेलं लिहायला सांग. तिने ‘सारंगी’ लिहिलं, तर ‘सु’ वर जोर दे. तरीही तेच आलं, तर नाव बदल.