ड्युटी तिकडची, कापलं इकडचं

प्रश्न: मागणी Qd = १०० − P आणि पुरवठा Qs = −२० + २P असेल तर समतोल किंमत आणि प्रमाण कसं काढायचं? मग नगामागे १५ रुपये कर लावला तर काय होतं, आणि तो कर कोण भरतो?

पहिला भाग दोन ओळींचा आहे. १०० − P = −२० + २P, म्हणजे ३P = १२०, P = ४०. हा ४० दोन्ही समीकरणांत टाकून बघा, दोन्हीकडे ६० यायलाच पाहिजे. झालं.

कर आला की भाव एक राहत नाही, दोन होतात, आणि पोरं इथंच घसरतात. घेणारा मोजतो तो Pb, विकणाऱ्याच्या हातात पडतो तो Ps, आणि मधलं अंतर १५. विकणारा आपल्या हातात काय पडतं ते पाहून माल आणतो, म्हणून पुरवठ्यात Pb − १५ टाकायचं: १०० − Pb = −२० + २(Pb − १५). यातून Pb = ५०, Ps = ३५, Q = ५०. म्हणजे १५ पैकी १० घेणाऱ्यावर बसले, ५ विकणाऱ्यावर. सरकारला १५ × ५० = ७५० मिळाले, आणि जे १० नग विकलेच गेले नाहीत त्यांच्यापायी ½ × १५ × १० = ७५ चं नुकसान झालं जे कोणाच्याच खिशात गेलं नाही. वजाच्या जागी अधिक केलंत तर भाव ३० आणि प्रमाण ७० येईल. कर लावल्यावर खप वाढलेला दिसला की समजायचं चिन्ह उलटं पडलंय.

आता "कोण भरतो" याच्यावर मला बोलायचंच आहे, कारण आमच्या घरात यावरून मामाशी अजून वाद चालू आहे. आमची वरुडकडं संत्र्याची बाग. नागपुरी संत्र्याचं बाहेरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, आणि त्यांनी आयात ड्युटी २०१९ च्या किलोमागे २० रुपयांवरून वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ८८ वर नेली. किलोमागे एवढे रुपये असं मांडलं की तुमच्या प्रश्नातल्या करासारखीच ती धरता येते. त्या साली आंबिया बहाराचा सौदा आधीच झाला होता, इसारही घेतला होता, तरी तोडणीच्या वेळी व्यापारी बागेत आला, एक फळ तोडून दाबून पाहिलं, क्रेट उलटा करून त्यावर बसला आणि मोबाईलवर हिशेब करत म्हणाला बॉर्डरवर एवढे लागतात, जुन्या भावात परवडत नाही. बाबा काही बोलले नाहीत. मामा अमरावतीला अडत्याकडं मुनीम, ते म्हणाले, "अबे, ड्युटी थो तिकडचा भरते, आपलं काय जाते?"

हेच साफ चूक आहे. पावती कोणाच्या नावानं फाटते याचा बोजा कोणावर बसतो याच्याशी काही संबंध नाही. वरच्याच उदाहरणात कर घेणाऱ्याच्या माथी मारा: १०० − (Ps + १५) = −२० + २Ps, पुन्हा Ps = ३५ च येतो, एक पैसाही हलत नाही. बोजा ठरतो तो कोण किती हटू शकतो त्यावरून. त्या पुरवठ्यात भाव रुपयानं पडला की माल दोन नगांनी आटतो, म्हणून विकणारा सुटला. झाडावर पिकलेलं संत्रं असं आटत नाही, चार दिवस थांबलं तर गळते. म्हणून पुरवठा Qs = ५० + ०.२५P धरा. मागणी तीच. करापूर्वी इथंही P = ४०, Q = ६० च. आता १५ कर लावा: १०० − Pb = ५० + ०.२५(Pb − १५), Pb = ४३, Ps = २८, Q = ५७. घेणाऱ्यावर ३, विकणाऱ्यावर १२! समतोल तोच, कर तोच, पण बाबांचा भाव ४० चा २८. मामांना हे कागदावर मांडून दाखवलं तर म्हणतात हे पुस्तकातलं झालं. बरं मग, बागेत क्रेटवर बसून कापलेले पैसे कुठल्या पुस्तकातले होते?

परीक्षेत आकृती काढताना पुरवठा रेषा १५ नं वर उचला, उजवीकडं डावीकडं किती सरकली ते मोजत बसू नका, आणि नव्या छेदबिंदूपासून सरळ खाली जुन्या रेषेवर आलात की Ps मिळतो.

एवढं मात्र धरून चाला की सरळ रेषा आणि हे आकडे सोयीसाठी घेतलेत, संत्र्याचे खरे नाहीत. खरं तर थोडा माल दिल्ली-कोलकात्याकडं वळतो, म्हणजे बांगलादेशापुरता पुरवठा इतका ताठ नसतो, पण मग तिकडचे भाव पडतात आणि तोही मार आमच्याच बागेवर. शिवाय हा हिशेब घेणारे भरपूर आहेत असं मानून आहे. गावात दोनच व्यापारी येत असतील तर १२ च्या वर अजून किती कापलं जाईल ते या दोन समीकरणांतून निघत नाही.