दुःख, हुरहूर की रुखरुख?

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. दर रविवारी आमच्या पोह्यांची बशी त्यांच्याकडे जायची. निघाल्या तेव्हा मात्र मी ऑफिसात होते. पत्रात लिहिलं, ‘आपण गेल्याने आम्हां सर्वांना अत्यंत दुःख झाले. आपली उणीव सदैव भासेल.’ आई म्हणते, हे निरोपसमारंभातल्या भाषणासारखं वाटतं. मला तर खरंच वाईट वाटतंय. मग चुकलं कुठे?

उत्तर : व्याकरणात काहीच चुकलेलं नाही. पण ‘सभा झाली’, ‘पाऊस झाला’ तसंच ‘दुःख झाले’. घडलेली गोष्ट कळवली आणि संपलं. ‘अत्यंत’ लावल्याने दुःखाचं माप वाढतं, ते कसलं दुःख आहे हे कळत नाही. ‘आम्हां सर्वांना’ म्हटलं की ते कुणा एकीचंही राहत नाही. आणि एरवी काकूंना तुम्ही म्हणत असाल, तर पत्रातच ‘आपण’ कशाला?

‘दुःख’ या एका शब्दाखाली मराठीत केवढं तरी सामावलेलं आहे. निरोपाची वेळ जवळ आली की, किंवा माणूस दूर गेलं की, जिवाला लागते ती हुरहूर. तिचं कारण नेमकं सांगताही येत नाही. दुसऱ्याचं नुकसान ऐकून वाटते ती हळहळ. रोजचं माणूस जागेवर दिसलं नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं. आणि करायचं राहून गेलेलं मनात टोचत राहतं, ती रुखरुख. तुमची भेट राहिली आहे, म्हणून तुमचा शब्द मला रुखरुख हाच वाटतो. हुरहूर इथे तितकी नेमकी बसणार नाही, कारण तुमच्या वाईट वाटण्याचं कारण तुम्हाला नेमकं सांगता येतं.

मग पत्र असं होईल : ‘काकू, या रविवारीही सवयीने तुमची बशी भरली, वर जिरावण भुरभुरवलं आणि मग ती ओट्यावर तशीच ठेवली. तुम्ही निघालात तेव्हा मी घरी नव्हते, त्याची रुखरुख लागून राहिली आहे.’

बशी खरंच भरली असेल तरच हे लिहा. नसेल, तर त्या सकाळी तुमच्या हातून जे झालं ते लिहा. काकूंना तुमचं घर ठाऊक आहे, बनावट तपशील त्यांना लगेच कळेल. पुढे ‘डोळे पाणावले, ऊर भरून आला’ जोडू नका. बशी ओट्यावर राहिली हे वाचून काकूंच्या पोटात जे कालवेल, ते या तयार वाक्प्रचारांनी उलट पातळ होतं.

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ हे मात्र वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत योग्यच आहे. तिथे सगळं घर अनोळखी वाचकांशी बोलत असतं, आणि एवढं अंतर त्यांना हवंच असतं.