प्रगतिपुस्तकातलं ‘समाधानकारक’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ वाचायचं कसं?

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यम. गणितात क-1, शेऱ्यात ‘प्रगती समाधानकारक’ आणि खाली ‘सुधारणा आवश्यक: हातच्याची वजाबाकी’. समाधानकारक आहे तर सुधारणा कशाला? काळजी करू का?

उत्तर:

मी प्राथमिक शिक्षिका आहे. मागच्या वर्षी एका ताईंनी हेच विचारलं होतं, तेव्हा त्यांना वहीच्या पानावर लिहून दिलेलं इथे थोडं वाढवून सांगते.

‘सुधारणा आवश्यक’ हा शेरा नाही, तो प्रगतिपुस्तकातला रकानाच आहे. अ-1 वाल्या मुलाच्याही रकान्यात काहीतरी असतं. ‘समाधानकारक’ मात्र आम्ही जरा सढळ हाताने वापरतो, हे कबूल करते. ‘येत नाही’ असं लिहायचं नसतं, म्हणून मधल्या सगळ्या मुलांना हा एकच शब्द पुरवतो. त्यावरून फार काही कळत नाही.

कळतं ते गुणांच्या फोडीवरून. तिसरीला 60 गुण आकारिक, म्हणजे सत्रभराची तोंडी कामं, उपक्रम, स्वाध्याय, चाचण्या. उरलेले 40 संकलित, त्यात 10 तोंडी-प्रात्यक्षिक आणि 30 लेखी. त्या ताईंच्या मुलाला आकारिकमध्ये 42, तोंडीत 8 आणि लेखीत 9 होते. बेरीज 59, आणि 51 ते 60 म्हणजे क-1. तोंडी दहापैकी आठ मिळवणारं पोर लेखीत तीसपैकी नऊवर का अडकतं, हे श्रेणीत दिसत नाही.

म्हणून आम्ही पेपर काढून बघितला. 52 − 27 चं उत्तर त्याने 35 लिहिलं होतं, 43 − 18 चंही 35. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले, तिनातून आठऐवजी आठातून तीन. प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान. हा निष्काळजीपणा नव्हे, ती त्याची पक्की रीत झाली होती. अशा मुलाला रोज दहा गणितं घातली, तर तीच रीत दहा वेळा घोटली जाते.

ताईंना सांगितलं, पाच दहाची नाणी आणि दोन रुपये सुटे द्या आणि त्याच्याकडून 27 मागा. दहाचं नाणं मोडल्याशिवाय सात देता येत नाहीत, हे हाताला कळलं की मग वहीवर या. त्याला आठवडाभर लागला. ‘हातचा’ हा शब्द त्या आठवड्यात घरात काढूच नका म्हटलं होतं.

तेव्हा तुम्ही बाईंकडे गेलात की श्रेणीबद्दल विचारू नका. लेखी पेपर आणि आकारिकची नोंद मागा, आणि चुकलेल्या वजाबाक्या शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळ्या एकाच तऱ्हेने चुकल्या असतील तर काम सोपं आहे. वेगवेगळ्या तऱ्हेने चुकल्या असतील, तर त्याला दशक-एककच नीट कळलेले नाहीत; मग काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करावी लागेल. काळजीचं म्हणाल, तर आकारिकही कमी असेल तेव्हा करा.