भरल्या ताटावरून उठण्याआधी

ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. पंधरा दिवसांनी कराडला घरी जाते. जेवायला बसलं की आई सुरू होते, ‘किती सुटलीयस, अशानं कोण पसंत करणार?’ मागच्या वेळी भरल्या ताटावरून उठले आणि कुणाला न सांगता रात्रीची एसटी धरली. आई दोन दिवस धड जेवली नाही म्हणे. घरी जावंसं वाटत नाही आणि न जाऊन चैनही पडत नाही. काय करू?

अगं, त्या रात्री आईला काय कळलं असेल? पोरगी चिडकी झालीय, एवढंच. नेमकं काय लागलं हे तिला शांतपणे सांग. दुपारच्या चहानंतर, दोघीच भाजी निवडत असताना. चार माणसांत बोललीस तर वजनाचं राहील बाजूला आणि ती मानापमान धरून बसेल.

सांगायचं थोडकंच. ‘आई, जेवताना माझ्या वजनाचं आणि लग्नाचं काढू नकोस, घास उतरत नाही. काढलंस तर मी ताट घेऊन आतल्या खोलीत जाईन आणि जेवून परत तुझ्याजवळ येईन.’ आईचं तोंड तुझ्या हातात नाही, उठणं आहे. आणि परत येणं अजिबात चुकवू नकोस. त्यानंच तिला कळेल की तू त्या बोलण्यापासून उठलीस, तिच्यापासून नाही.

ती म्हणेल, ‘आईनं नाही बोलायचं तर कुणी?’ इथं बहुतेक मुली कारणं द्यायला लागतात: ऑफिसची वेळ, थायरॉइड, काकूंची सून. प्रत्येक कारणाला आईकडे उत्तर तयार असतं. तू म्हण, ‘तुझी काळजी कळते गं. तरी जेवताना नको.’ पुन्हा बोलली तर पुन्हा हेच, त्याच आवाजात.

सुरुवातीला बोलणं वाढेल, हे आधीच सांगून ठेवते. अबोला, रडणं, मग मावशीचा फोन. इतकी वर्षं ज्या बोलण्यावर तू चिडायचीस, रडायचीस, त्यावर आता काहीच येत नाही म्हटल्यावर माणूस आधी आवाज चढवतो. पाचदा उठलीस आणि सहाव्यांदा ऐकून घेतलंस, तर सहा वेळा बोललं की जमतं एवढंच ती शिकेल. मावशीला म्हण, ‘ते आमच्या दोघींचं आम्ही बघतो.’ एखाद दिवशी आई वाक्य अर्ध्यात गिळेल. तेव्हा लगेच तू दुसरं काहीतरी विचार, तिला अवघडून ठेवू नकोस.

लग्नाची तिची काळजी खरी आहे, तिलाही जागा दे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अर्धा तास, फक्त त्याच विषयाला. तुला न विचारता बायोडेटा कुणाला पाठवायचा नाही, हेही तेव्हाच सांग. वजनाला मात्र असा वार देऊ नकोस. ते तू आणि तुझी डॉक्टर बघाल.

या शनिवारी गेलीस की आधी माफी माग. न सांगता एसटी धरल्याबद्दल. ताटावरून उठल्याबद्दल नको.