मनगटाच्या आठ हाडांचा क्रम

प्रश्न: मनगटातील आठ हाडांचा क्रम परीक्षेत हमखास उलटसुलट होतो. मराठी-इंग्रजी मिसळून एखादे वाक्य आहे का?

उत्तर: ‘स्कूटर लावून ट्रॅफिक पाहा; ट्रक, ट्रॅक्टर कॉटन मार्केटहून हलले’ हे वाक्य पाठ करावे. नागपुरात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी हेच वापरतो. अर्धविरामापूर्वीची ओळ कोपराकडील रांगेची आहे: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. नंतरची बोटांकडील रांगेची: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. दोन्ही ओळी अंगठ्याकडून करंगळीकडे वाचायच्या. दुसरी ओळ करंगळीकडून सुरू केली की सगळेच चुकते. खरा घोळ ट्रक आणि ट्रॅक्टर यांत होतो, कारण आद्याक्षरे तिथे काहीच मदत करत नाहीत. त्यासाठी ‘थम’ आणि ‘ट्रॅपेझियम’ या दोन्हींच्या शेवटी ‘म’ येतो एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी कोणते हाड आहे याबद्दल शंका राहत नाही. मात्र या वाक्यातून केवळ क्रम कळतो, मांडणी नव्हे: पिसिफॉर्म रांगेत चौथे म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात ते ट्रायक्वेट्रमच्या शेजारी नसून त्याच्या पुढच्या, म्हणजे तळहाताकडील बाजूवर बसलेले असते, आणि तोंडी परीक्षेत नेमके तेच विचारतात.