मशीन रिकामं आहे, पण सेटर रिकामा आहे का?

*ताई, नाशिकच्या अंबडला माझं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन, आणि दोन शिफ्ट. महिन्याला हाताशी ६४० तास, त्यातले ४४० भरतात. काम दरवर्षी साठ-सत्तर तासांनी वाढतंय. द्राक्षबागेच्या ब्लोअरला लागणारा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड स्वतःच्या नावाने काढायचा विचार आहे. त्याला महिन्याला १५० तास लागतील. मटेरियल, वीज, टूल, दुकानदाराचं कमिशन जाऊन ६० हजार सुटतात. फिक्स्चर आणि सॅम्पलला ५ लाख लागतील, ते एफडी मोडून घालीन. तिचं ७ टक्के व्याज बुडेल, ते धरलंय. मेहुणे म्हणतात, गाळ्याचं भाडं आणि पगार यांचा वाटा लाव, मग यात काही उरत नाही. मी म्हणतो, मशीन रिकामंच आहे आणि पगार चालूच आहेत. कोण बरोबर?*

मेहुण्यांचं आधी बघू, कारण ते लवकर संपतं. गाळ्याचं भाडं मॅनिफोल्ड काढला तरी तेवढंच जाणार आणि नाही काढला तरी तेवढंच. अकाउंटंटचा पगारही तसाच. हिशेबाच्या वहीत त्याचा वाटा कुठल्या मालावर टाकायचा हा वेगळा प्रश्न आहे, पण 'हे काम घेऊ की नको' ठरवताना तो वाटा धरायचा नसतो. तो धरून अनेक जण चांगलं काम सोडतात. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण 'पगार चालूच आहेत' यावर मी थांबले. पगार कोण देतं हे इथे महत्त्वाचं नाही. तो माणूस, तेच मशीन, तोच तास मॅनिफोल्डवर लागला नसता तर दुसरं काय करून देत होता, आणि ते आता कोण करणार, हे बघायचं. उत्तर 'काहीच नाही' असेल तर तो तास खरंच फुकट. नाहीतर त्याची किंमत आहे, आणि ती पगारापेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

म्हणून फोनवर मी तुम्हाला सेटरबद्दल इतकं विचारलं. तुमच्याकडे प्रोग्रॅम, सेटिंग आणि पहिल्या पीसची तपासणी करणारा एकच माणूस आहे. पगार ३८ हजार, महिन्याला साधारण २०० तास. संध्याकाळी साडेसहाला तो घरी जातो आणि दुसऱ्या शिफ्टला फक्त ऑपरेटर राहतात. लावून ठेवलेला जॉब संपला की मशीन सकाळपर्यंत थांबतं, हेही तुम्हीच सांगितलंत. तुमच्या २०० रिकाम्या तासांतले बरेचसे इथलेच असावेत, असा माझा अंदाज आहे.

हे मी सातपूरला एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारचे चार वाजले होते. एका व्हीएमसीचा पिवळा दिवा लागलेला, दार उघडं, टेबल कोरडं. मशीनशेजारी कास्टिंगचे तीन क्रेट, प्रत्येकावर जॉब कार्ड अडकवलेलं. म्हणजे काम होतं. सेटर मात्र पलीकडच्या मशीनवर वाकून वाईसला डायल फिरवत होता, काटा शून्यावर येईना म्हणून पुन्हा पुन्हा पाना लावत होता. मालक मला म्हणाले, "बघा, मशीन रिकामंच आहे." मशीन रिकामं नव्हतं, ते त्या माणसाची वाट बघत होतं.

तुमचा हिशेब घालू. सेटरच्या २०० तासांतले अंदाजे १५० तास प्रत्यक्ष सेटिंग आणि प्रोग्रॅममध्ये जातात, बाकीचे तपासणी, फोन आणि बिघाडात. त्या १५० तासांवर तुमचे ४४० मशीन-तास चालतात. म्हणजे त्याचा एक तास जवळपास तीन मशीन-तास उभे करतो. जॉबवर्कचा तुमचा दर तासाला ४५० रुपये. वीज, टूल, कूलंट मिळून १५० जातात आणि ३०० हातात राहतात. मॅनिफोल्डचे चार साइज, प्रत्येकाची महिन्यात दोनदा बॅच, दर सेटिंगला तीन तास, म्हणजे २४ तास. पहिला पीस, प्रोग्रॅममधली दुरुस्ती आणि दुकानदारांच्या तक्रारी यांना आणखी १६ धरा. महिन्याला ४० तास झाले.

या ४० तासांची किंमत काय? सेटरला खरंच मोकळा वेळ असेल तर शून्य. पगाराच्या हिशेबाने तासाला १९० रुपये, म्हणजे ७,६००. आणि क्रेट त्याची वाट बघत पडले असतील, तर त्याच्या प्रत्येक तासाबरोबर तीन मशीन-तासांचं जॉबवर्क मागे पडतं. ते झाले ९०० रुपये तासाला आणि ३६ हजार महिन्याला. तुम्ही एफडीचं बुडणारं व्याज काळजीने धरलंत, ते ५ लाखांवर वर्षाला ३५ हजार आहे. सेटरचा हा आकडा त्याहून हजाराने जास्त आहे, आणि तो एका महिन्याचा आहे. तो लागू पडला तर ६० हजारांतले २४ हजारच राहतात.

तीनपैकी कुठला आकडा तुमचा, हे अंदाजाने ठरवू नका. पंधरा दिवस दोन्ही मशीनला एकेक वही बांधा. मशीन पाव तासापेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं: काम नाही, सेटरची वाट, मटेरियल नाही, बिघाड. 'काम नाही' हे कारण जास्त निघालं तर तुमचं म्हणणं टिकतं. 'सेटरची वाट' निघालं तर तुमच्याकडे रिकामं मशीन आहे, पण रिकामी क्षमता नाही.

वहीत 'सेटरची वाट' निघालं तरी ३६ हजार गेलेच असं समजू नका. अडलेल्या गोष्टीची किंमत म्हणजे तिच्यावाचून होणारं नुकसान किंवा ती मोकळी करायचा खर्च, यांतलं जे कमी ते. सेटरला रोज थांबवून घ्यायचं म्हटलं तर ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर, म्हणजे ४० तासांचे १५,२०० रुपये. शिवाय आधीच दमलेला माणूस आणखी दमणार आणि पहिला पीस तिथेच चुकणार. त्यापेक्षा दुसऱ्या शिफ्टचा तुमचा जो जुना ऑपरेटर ऑफसेट स्वतः घेतो म्हणालात, त्याला सेटिंग शिकवा आणि पगार १२ हजारांनी वाढवा. शिकायला चार-सहा महिने जातील. पण मग संध्याकाळनंतर जॉब संपला तरी मशीन थांबणार नाही. हा खर्च मॅनिफोल्डवर पूर्ण टाकला, तरी महिन्याला ४८ हजार राहतात.

आता मशीनच्या तासांकडे येऊ. आज ते रिकामे आहेत, पण कायम राहणार नाहीत. जॉबवर्क वर्षाअखेर ५०० तासांवर जाईल, दुसऱ्या वर्षाअखेर ५७० आणि तिसऱ्या वर्षाअखेर ६४०. म्हणजे तिसरं व्हीएमसी तीन वर्षांनी लागणारच आहे. मॅनिफोल्डचे १५० तास घातले की तीच वेळ एका वर्षात येते. तुमच्या कोटेशनप्रमाणे मशीन ३० लाखांचं. ११ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर वर्षाचा हप्ता सुमारे ५ लाख. दोन वर्षं आधी घेतलं तर असे दोन हप्ते आधीच अंगावर येतात, म्हणजे १० लाख, आणि ते मॅनिफोल्डच्या खात्यावर पडायला हवेत. तुमच्या कागदावर ते कुठेच नाहीत.

इथेही स्वस्त वाट आहे. मशीन न घेता, जास्तीचं जॉबवर्क नाकारलं किंवा शेजारच्या गाळ्यात करून घेतलं तर? दुसऱ्या वर्षात सरासरी ४५ तास अडतील. तासाला ३०० रुपयांनी वर्षाचे १ लाख ६२ हजार. तिसऱ्या वर्षात सरासरी ११५ तास, म्हणजे ४ लाख १४ हजार. दोन्ही मिळून पावणेसहा लाख, आणि ते १० लाखांपेक्षा कमी आहेत. म्हणून मॅनिफोल्डसाठी तिसऱ्या मशीनची घाई करू नका. फक्त नियमित गिऱ्हाइकाचं काम नाकारायची वेळ येऊ देऊ नका. बाहेर द्यायचं ते किरकोळ, एकदाच येणारं काम.

एफडीचं व्याज सोडून बाकी सगळं लावल्यावर पहिल्या वर्षी ५ लाख ७६ हजार, दुसऱ्या वर्षी सव्वाचार लाखांच्या आत आणि तिसऱ्या वर्षी जेमतेम १ लाख ६२ हजार राहतात. तीन वर्षांचे साडेअकरा लाख. तुम्ही २१ लाख ६० हजार धरून बसला होतात. ५ लाख घालून साडेअकरा मिळणं वाईट नाही, म्हणून माझं उत्तर 'करा' असंच आहे. पण पहिल्या वर्षीचा आकडा दुसरा सेटर तयार झाल्यावरचा आहे. त्याआधी माल सुरू केलात तर ते महिने २४ हजारांचे असू शकतात.

एक गोष्ट तुमच्या सरासरीत लपली आहे. ब्लोअरचे सुटे भाग बारा महिने सारखे खपत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरीच्या फवारण्या सुरू झाल्या की निफाड-पिंपळगावचे दुकानदार एकदम माल मागतील, आणि दिवाळीआधी तुमचं जॉबवर्कही जोरात असतं. त्या दोन-तीन महिन्यांत १५० ऐवजी ३०० तास लागले, तर २०० रिकामे तास पुरणार नाहीत. मे ते ऑगस्टमध्ये माल बनवून ठेवावा लागेल. त्यात पैसा अडकेल, ५ लाखांच्या वर दोन-अडीच लाख खेळतं भांडवल धरा.

तिसऱ्या वर्षानंतर तास पूर्ण भरले की तुलना सरळ होईल. मॅनिफोल्डचा तास सेटरचा वाढीव पगार वजा जाता ३२० रुपये देईल आणि जॉबवर्कचा ३००. फरक फक्त वीस रुपयांचा आहे. दुकानदाराने कमिशन थोडं वाढवून मागितलं किंवा ॲल्युमिनियम महागलं की तो फरक संपतो. तेव्हा दर वर्षी मार्चमध्ये हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून बघा आणि जो तास कमी देतो त्याचं काम आधी कमी करा, तो मॅनिफोल्ड असला तरी.

वह्या सोमवारपासून बांधा. ऑपरेटरशी पगाराचं बोलणं याच आठवड्यात करा, कारण वहीत काहीही निघालं तरी संध्याकाळनंतर बंद पडणारं मशीन तुम्हाला आजच्या जॉबवर्कमध्येही नडतंय. तासाला ३०० रुपयांनी महिन्याला फक्त ४० तास जास्त चाललं की त्याचे १२ हजार सुटतात. पंधरा दिवसांनी वह्या घेऊन या, तोवर एफडीला हात लावू नका.